दिवसभर पिवळा लुकलुकणारा सिग्नल: आधी काय तपासायचं आणि पत्रात काय लिहायचं

लक्षणं आधी सांगतो. सिग्नल भर दिवसा, नेमका गर्दीच्या वेळी, चारही बाजूंना पिवळा लुकलुकत असतो. संध्याकाळी कधीतरी आपोआप नीट सुरू होतो. मग रात्री दोन वाजता चौकात चिटपाखरू नसतं, तेव्हा लाल-हिरवा अगदी शिस्तीत चालू असतो. तक्रार केली की माणूस येतो, पेटी उघडतो, सिग्नल सुरळीत होतो. काही दिवस बरे जातात. मग एके दिवशी लाइट जाते, तास-दोन तासांनी येते आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा तेच.

मी बरीच वर्षं सिग्नलच्या देखभालीचं काम केलं आणि मराठवाड्यातल्या चौकांत हाच बिघाड पुन्हा पुन्हा दुरुस्त केला. आता लोक माझ्याकडे तक्रारीचं पत्र लिहून घ्यायला येतात. त्यांनी स्वतः आधी दिलेली पत्रं वाचली की एक गोष्ट दिसते. सगळ्यांत एकच ओळ असते: ‘सिग्नल बंद आहे, तातडीने दुरुस्त करावा.’ त्यावर माणूस संध्याकाळी सहाला येतो, त्या वेळी सिग्नल व्यवस्थित चालू असतो. तो ‘सिग्नल चालू आढळला’ असा शेरा लिहितो आणि तक्रार निकाली निघते. त्यात त्याचाही खोटेपणा नसतो, त्याने पाहिलं तेच लिहिलेलं असतं. बिघाड कोणत्या वेळी दिसतो हे पत्रात नसल्यामुळे हे घडतं. म्हणून पत्र लिहिण्याआधी थोडी तपासणी करा. तिला पैसे लागत नाहीत आणि कशालाही हात लावावा लागत नाही.

पत्राची वाट पाहायची नाही असे बिघाड

दोन आडव्या रस्त्यांना एकाच वेळी हिरवा मिळत असेल, किंवा एका बाजूचा लाल पेटतच नसेल आणि तिकडची वाहनं सरळ आत घुसत असतील, तर चौकातल्या वाहतूक पोलिसाला लगेच सांगा. तिथे कोणी नसेल तर ११२ ला फोन करा. खांब वाकलाय, वायर लोंबतेय, पेटीचं दार उघडं पडलंय किंवा पावसात खांबाला झटका बसतोय, तरी हेच करायचं. आत २३० व्होल्टचा पुरवठा असतो. अशा खांबापासून लहान मुलांना आणि जनावरांना दूर ठेवायला माणूस उभा करा. पत्र त्यानंतर.

पुढचं सगळं पिवळ्या लुकलुकण्याबद्दल आहे. त्यात धोका आहेच, कारण चारही बाजूंच्या प्रत्येकाला वाटतं की समोरचा थांबेल. पण तिथे दोन दिवस नीट निरीक्षण केलं तर दुरुस्ती कायमची होऊ शकते. तोवर चौकात पोलीस द्यावा एवढं फोन करून मागता येतं, त्यासाठी पत्र लागत नाही.

सगळ्यात स्वस्त तपासणी: चौकातल्या पोलिसाला विचारा

सिग्नलचे दिवे चालवणाऱ्या यंत्राच्या, म्हणजे कंट्रोलरच्या, पेटीला बहुधा एक छोटं वेगळं दार असतं. त्याची चावी वाहतूक पोलिसांकडे असते. आत ऑटो, मॅन्युअल आणि ब्लिंकर, म्हणजे पिवळा लुकलुकता, अशी बटणं असतात. मंत्र्यांचा ताफा, मिरवणूक, अपघात अशा वेळी पोलीस सिग्नल ब्लिंकरवर टाकतात आणि हातानं वाहतूक सोडतात. पाळी बदलली की कधी बटण तसंच राहतं. असं असेल तर बिघाड नाहीच, एक बटण फिरवलं की काम झालं. शिवाय पुढे खोदकाम चालू असेल तर मुद्दामही ब्लिंकर ठेवलेला असतो. हे न विचारता पत्र दिलं तर ‘वाहतूक शाखेच्या सूचनेनुसार’ असं एका ओळीचं उत्तर येतं आणि महिना वाया जातो.

त्यांनाच आणखी एक विचारून घ्या: या चौकात रात्री गर्दी नसताना लागणारा ब्लिंकर, म्हणजे रात्रीचा ब्लिंकर, किती ते किती ठेवलाय? पुढचा सगळा हिशोब या उत्तरावर चालतो.

एक दिवा, एक खांब की अख्खा चौक?

रस्त्याच्या कडेला सुरक्षित उभं राहून सिग्नलच्या दोन पूर्ण फेऱ्या बघा. एकाच खांबावरचा एकच रंग पेटत नसेल तर एलईडीचा संच किंवा त्याची जोडणी गेलेली असते. त्यासाठी शिडीची गाडी आणि सुटा दिवा लागतो. एका खांबावरचं सगळंच गेलं असेल तर बहुतेक वेळा जमिनीखालची केबल तुटलेली असते. जवळपास नुकतं पाइपलाइनचं किंवा फायबरचं खोदकाम झालंय का बघा. अख्खा चौक काळा असेल तर प्रश्न वीजपुरवठ्याचा. शेजारच्या दुकानांतही लाइट नसेल तर महावितरणला १९१२ वर सांगा. दुकानांत लाइट असून फक्त सिग्नल बंद असेल, तर मीटरच्या पेटीतली एमसीबी पडलेली असते, फ्यूज गेलेला असतो किंवा जोडणी तोडलेली असते. आणि पोलिसांनी ब्लिंकर टाकलेला नसताना चारही बाजू एकदम लुकलुकत असतील, तर वीजपुरवठा ठीक आहे. कंट्रोलरनं स्वतः लुकलुकायचं ठरवलंय, एवढं निश्चित.

हे वेगळं करायचं कारण असं की प्रत्येक बिघाडाला येणारा माणूस वेगळा आणि त्याच्या गाडीतलं सामान वेगळं. पत्रात एवढं स्पष्ट असलं तर तो सामान घेऊनच येतो.

इथे डोळ्यांवर विश्वास ठेवा, मोबाइलवर नाही. एलईडीचे दिवे विजेच्या लयीत अतिशय वेगानं चालू-बंद होत असतात. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. त्यामुळे चांगला पेटलेला लाल दिवा फोटोत विझलेला दिसू शकतो आणि व्हिडिओत उगाच फडफडतो. पत्राला एकच फोटो जोडला तर अभियंता तो पाहूनच बाजूला ठेवतो. सलग दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ घ्या, त्यात समोरासमोरचे दोन खांब येऊ द्या आणि डोळ्यांनी काय दिसलं ते पत्रात लिहा. पूर्व-पश्चिम रस्त्यावर सकाळ-संध्याकाळी उतरतं ऊन थेट दिव्याच्या काचेवर पडतं, तेव्हा विझलेला दिवाही पेटल्यासारखा वाटतो. अशा वेळी बाजूला सरकून सावलीतून बघा.

घड्याळाची तपासणी, जी कोणी करत नाही

कंट्रोलरच्या आत एक घड्याळ असतं. सकाळी कोणत्या रस्त्याला हिरवा जास्त द्यायचा, दुपारी किती, रात्री कधी ब्लिंकरवर जायचं, हे सगळं वेळापत्रक त्या घड्याळावर चालतं. लाइट गेल्यावर घड्याळ चालू राहावं म्हणून बऱ्याच कंट्रोलरमध्ये ३ व्होल्टचा एक बटण सेल असतो. जुन्या कॉम्प्युटरचा सेल संपला की प्रत्येक वेळी चालू करताना तारीख मागे गेलेली दिसते, तसंच इथे होतं. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४० च्या वर जातो, उन्हातली पत्र्याची पेटी त्याहून तापते आणि सेल लवकर मरतो. पण सेल मेलाय हे लाइट असेपर्यंत कळतच नाही. लाइट जाऊन परत आली की मगच कळतं.

सेल मेल्यावर दोन प्रकार होतात. काही कंट्रोलरचं घड्याळ लाइट आल्यावर थेट रात्रीच्या बारापासून सुरू होतं. काहींचं घड्याळ जिथे थांबलं तिथून पुढे चालू लागतं, म्हणजे लाइट जितकी गेली तितकं मागे पडतं. दुसऱ्या प्रकारात दोन तास लाइट गेली तर रात्री १० ऐवजी १२ ला ब्लिंकर सुरू होतो आणि सकाळी ७ ऐवजी ९ पर्यंत चालतो, म्हणजे शाळेची सगळी गर्दी लुकलुकत्या सिग्नलखालून जाते. घड्याळाबरोबर तारीखही गेली तर वार चुकतो आणि मंगळवारी रविवारचं वेळापत्रक लागतं.

आता हे बाहेरून कसं ओळखायचं? लुकलुकणं किती वाजता सुरू झालं आणि किती वाजता थांबलं, एवढं दोन दिवस टिपायचं. दोन्ही दिवशी वेळा त्याच निघाल्या आणि मधला कालावधी रात्रीच्या ब्लिंकरइतकाच असला, तर दोष घड्याळाचा. वेळ कशीही बदलत असेल, रात्रीही होत असेल, पाऊस पडला की वाढत असेल, तर प्रकार वेगळा आहे. हिरव्यावर हिरवा येण्याचा धोका किंवा लाल दिवा गेल्याचं लक्षात आलं की बरेच कंट्रोलर सुरक्षेसाठी स्वतःहून ब्लिंकरवर जातात. तिथे घड्याळ लावून काहीच होत नाही, केबल आणि कंट्रोलरमधली सर्किटची कार्डं तपासावी लागतात. आणि लाइट आल्यावर पहिले काही सेकंद लुकलुकणं हे तर नेहमीचंच, त्याची तक्रार करू नका.

एका चौकाचा हिशोब

मोंढ्याकडे वळणाऱ्या एका चौकाचं उदाहरण देतो. रात्रीचा ब्लिंकर १० ते ७, म्हणजे नऊ तास. तिथल्या चहाच्या गाड्यावरचा भाऊ म्हणाला, “काका, शाळेच्या बस गेल्या की थोड्या वेळानं हे पिवळं सुरू होतंय, अन् दिवे लागायच्या आत बरं होतंय बघा.” त्यालाच म्हटलं, उद्या घड्याळ बघून सांग. त्यानं सांगितलं: सुरू ८:५०, बंद ५:५०. परवाही तेच.

८:५० ते ५:५० म्हणजे बरोबर नऊ तास. रात्रीचाच ब्लिंकर आहे, फक्त जागा बदलून आलाय. सायंकाळी ५:५० ला कंट्रोलर समजतोय की सकाळचे ७ वाजले. ७ तास मागे जा, १०:५० येतात. म्हणजे सकाळी १०:५० ला त्याच्या लेखी रात्रीचे बारा होते. त्या आठवड्यात कधी सकाळी लाइट आली होती का, असं बाजूच्या झेरॉक्सवाल्याला विचारलं. शुक्रवारी सकाळी गेलेली लाइट अकराच्या आत आली, हे त्याला लगेच आठवलं, कारण कॉलेजच्या फॉर्मची गर्दी खोळंबली होती. गाठ बसली. त्या शुक्रवारी लाइट आली, घड्याळ बारावर गेलं आणि शनिवारपासून रोज भर दिवसाची रात्र सुरू झाली.

यावर येणारा माणूस घड्याळ बरोबर लावून जातो आणि पुढच्या वेळी लाइट जाईपर्यंतच ते टिकतं. म्हणून पत्रात मागणी सेल बदलण्याची आणि चाचणीची करायची, नुसती ‘दुरुस्ती’ची नाही.

पत्र कोणाला?

शहरातल्या रस्त्यावरचा सिग्नल बहुधा महानगरपालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या विद्युत विभागाकडे देखभालीला असतो आणि चालवतात वाहतूक पोलीस. छत्रपती संभाजीनगरला पोलीस आयुक्तालय आहे, तिथे शहर वाहतूक शाखेला प्रत द्या. नांदेड, लातूर, परभणी, जालना, बीड, धाराशिव, हिंगोली इथे पोलीस अधीक्षकांच्या हाताखालची वाहतूक शाखा. चौक राष्ट्रीय महामार्गावर असेल तर आधी रस्ता कोणाच्या ताब्यात आहे ते विचारा. महामार्ग प्राधिकरणाकडे असेल तर १०३३ वर तक्रार नोंदवता येते. पेटीवर किंवा खांबावर क्रमांक किंवा देखभाल करणाऱ्याचं नाव रंगवलेलं असेल तर ते उतरवून घ्या. एकच पत्र दोघांना द्यायचं: सामान आणि माणूस पालिकेचा, तोवर चौकात उभा राहणारा पोलीस वाहतूक शाखेचा. एकालाच दिलं तर ते दुसऱ्याकडे पाठवण्यात वेळ जातो.

वरच्या चौकासाठी दिलेलं पत्र असं:

> दिनांक: ______
>
> प्रति,
> मा. कार्यकारी अभियंता (विद्युत),
> ______ महानगरपालिका
>
> प्रत कार्यवाहीसाठी: मा. पोलीस निरीक्षक, शहर वाहतूक शाखा, ______
>
> विषय: ______ चौकातील वाहतूक सिग्नल दररोज सकाळी ८:५० ते सायंकाळी ५:५० पिवळ्या ब्लिंकरवर जात असल्याबाबत, तातडीने कायमस्वरूपी दुरुस्ती होणेबाबत.
>
> महोदय,
>
> उपरोक्त चौकातील सिग्नल (पेटी क्रमांक ______) दिनांक ______ पासून दररोज सकाळी ८:५० वाजता चारही बाजूंना पिवळ्या ब्लिंकरवर जातो व सायंकाळी ५:५० वाजता आपोआप पूर्ववत सुरू होतो. रात्रभर सिग्नल लाल-हिरव्या क्रमाने चालू असतो. त्यामुळे सायंकाळी ६ नंतर पाहणी केल्यास बिघाड दिसून येत नाही. कृपया पाहणी सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेत करावी.
>
> या चौकातील रात्रीच्या ब्लिंकरची वेळ १० ते ७ आहे. दिवसाचा ब्लिंकरही नेमका नऊ तासांचाच असून, दिनांक ______ रोजी सकाळी सुमारे १०:५० वाजता वीजपुरवठा पूर्ववत झाल्यानंतर हा प्रकार सुरू झाला. यावरून कंट्रोलरचे घड्याळ चुकल्याचे दिसते. यापूर्वीही वीज खंडित झाल्यानंतर असेच घडले होते (आवक क्रमांक ______).
>
> या चौकातून शाळेच्या बस, मोंढ्यातील मालट्रक व दुचाकी एकाच वेळी जातात. दिवसा सिग्नल नसल्याने पादचाऱ्यांना, विशेषतः विद्यार्थ्यांना, रस्ता ओलांडणे धोक्याचे झाले आहे.
>
> तरी विनंती की,
> १. घड्याळ, तारीख व वार तातडीने दुरुस्त करावेत.
> २. घड्याळाचा सेल तपासून बदलावा.
> ३. सेल बदलल्यावर मुख्य पुरवठा काही मिनिटे बंद करून पुन्हा सुरू करावा व घड्याळ टिकते याची खात्री करावी.
> ४. दुरुस्ती होईपर्यंत सकाळी ९ ते ११ व दुपारी ४ ते ६ या वेळेत वाहतूक पोलीस नेमावा.
>
> सोबत: दोन दिवसांच्या वेळांची नोंद व व्हिडिओ.
>
> आपले विश्वासू,
> (नावे, पत्ते, सह्या)

या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ पाहणीच्या वेळेची आहे. ती वाचल्यावर ‘चालू आढळला’ असा शेरा मारणं अवघड होतं. दुसरी म्हणजे आधीचा आवक क्रमांक. तो असला की ही नवी तक्रार राहत नाही, जुनी दुरुस्ती टिकली नाही अशी नोंद होते आणि ठेकेदाराला जाब विचारता येतो. अपघाताचे आकडे ऐकीव असतील तर घालू नका. एक आकडा चुकीचा निघाला तर बाकीच्या खऱ्या वेळांवरही कोणी भरवसा ठेवत नाही. कारण लिहिताना ‘दिसते’ असंच लिहा, निदान त्यांना करू द्या. धमकीची भाषा आणि कलमांची यादी पहिल्या पत्रात नको. ज्या कनिष्ठ अभियंत्याला शिडी आणि माणूस काढायचा असतो, त्याला कामाची माहिती द्या.

पत्र दोन प्रतींत न्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. आठवडाभरात कोणी आलं नाही तर त्याच क्रमांकाचा उल्लेख करून स्मरणपत्र द्या. त्यानंतर आपले सरकार पोर्टलवर तक्रार करा. तरीही काही नाही झालं, तर माहितीच्या अधिकारात १० रुपये भरून या सिग्नलच्या देखभालीची नोंदवही आणि ठेक्यातल्या दुरुस्तीच्या मुदतीची प्रत मागा. उत्तर द्यायला त्यांना ३० दिवस असतात. हा मार्ग शेवटी ठेवा, कारण तेवढे दिवस चौक तसाच राहतो.

कुठे थांबायचं

पेटी उघडायची नाही. दार उघडं दिसलं, आत सेल समोर दिसला, तुमच्या ओळखीचा मुलगा मोबाइल दुरुस्त करत असला, तरी नाही. सेल ३ व्होल्टचा असतो, पण त्याच्या शेजारीच दिव्यांकडे जाणारी २३० व्होल्टची जोडणी असते. शिवाय वेळापत्रकात एक चुकीचा आकडा गेला तर पिवळ्याचा कालावधी बदलून चौकात वाहनं एकमेकांवर येतात. खांबावर चढायचं नाही. एमसीबी पडलेली दिसली तरी वर करायची नाही. ती कशामुळे पडली हे कळेपर्यंत वर केलेली एमसीबी ओल्या खांबात वीज सोडू शकते.

दुरुस्तीला माणूस आला की त्याला फक्त एवढं विचारा: भाऊ, सेल बदलला का, आणि पुरवठा बंद-चालू करून पाहिला का? काही जुन्या कार्डांवर सेल झाळून बसवलेला असतो, तिथे कार्ड काढून वर्कशॉपला न्यावं लागतं आणि त्याला रस्त्यावर उभं राहून ते जमणार नाही. मग तो खरंच मजबूर असतो. त्याच्याशी वाद घालू नका, कार्ड कधी नेणार ते विचारून तारीख लिहून घ्या. जीपीएसवरून वेळ घेणारा कंट्रोलर असेल तर सेलपेक्षा अँटेना आणि तिची वायर तपासायला सांगा.

नवा सेल बसल्यावर पुढच्या वेळी लाइट जाऊन आली की दुसऱ्या दिवशी सकाळी आणि रात्री ब्लिंकरच्या वेळा बघा. रात्री १० ला सुरू आणि ७ ला बंद झाला तर काम झालं. पुन्हा दिवसा लुकलुकला, तर आता दोष सेलच्या पुढे, घड्याळाच्या कार्डात आहे. त्यासाठी कंट्रोलर बनवणाऱ्या कंपनीचा माणूस लागतो. नव्या पत्रात तसं लिहा: सेल बदलल्याची तारीख, त्यानंतर लाइट गेल्याची तारीख आणि ब्लिंकरच्या नव्या वेळा.